सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची प्रवाह आकृती
(पर्वरी गृहसंकुल, इमारत 'क'च्या मागे, क्षमता दिवसाला १ लाख लिटर)

घरांतील सांडपाणी
↓
जाळी → चिंध्या, प्लास्टिक, नारळाची शेंडी
↓
रेती-तेल सापळा → वाळू, तेलाची साय
↓
समतोल टाकी
↓
प्राथमिक निवळण → जड गाळ
↓
वायुवीजन टाकी ← ब्लोअरची हवा, ← परतीचा गाळ
↓
दुय्यम निवळण → जास्तीचा गाळ
↓
वाळूचा फिल्टर, क्लोरीन
↓
बाग आणि फ्लश

खाली जाणारा बाण पाण्याचा. उजवीकडचा बाण त्या टप्प्याला बाहेर पडणाऱ्या घाणीचा.

जाळी फक्त आकार ओळखते. सळ्यांमधल्या फटीत जे मावत नाही ते अडतं. सापळ्यात वाळू तळाला जाते आणि माशांच्या कढीतलं खोबरेल वर तरंगतं. वाळू पुढे गेली तर पंप झिजतो, म्हणून हा टप्पा लहान असला तरी मोलाचा. समतोल टाकी काही काढत नाही, सकाळच्या आंघोळीचा लोंढा दिवसभर सारखा वाटून देते.

पावसाळ्यात विहिरीचं गढूळ पाणी घागरीत ठेवलं की तळाशी चिखल बसतो. प्राथमिक निवळण तेच करतं: पाणी दोन-अडीच तास संथ ठेवलं की तरंगत्या कणांपैकी निम्मे किंवा थोडे जास्त खाली बसतात. पण साबण, मूत्र, भाताची पेज? चहातली साखर कितीही वाट पाहिली तरी तळाशी येत नाही. पाण्यात विरघळलेली ही घाण निवळून जात नाही, आणि नदीत गेल्यावर माशांचा प्राणवायू तीच खाते.

म्हणून वायुवीजन. या टाकीत कोट्यवधी जिवाणू आहेत. हवेचे बुडबुडे मिळाले की ते विरघळलेली घाण खातात, वाढतात आणि एकमेकांना चिकटून तपकिरी गुठळ्या होतात. न बसणाऱ्या घाणीची अशी बसणारी गुठळी होते. पुढच्या टाकीत ती खाली बसते. त्यातला बराच गाळ जिवाणूंसाठी पुन्हा मागे येतो, जास्तीचा बाहेर काढतो. माझ्या मते सगळ्या आकृतीचा जीव या परतीच्या बाणात आहे. तो तुटला तर टाकीत नुसतं घाण पाणी उरेल.

रोज सकाळी एक लिटरच्या नळकांड्यात वायुवीजन टाकीचं पाणी घेऊन ३० मिनिटं ठेवतो. गाळ २०० ते ३०० मिलिलिटरवर बसला, वरचं पाणी स्वच्छ दिसलं आणि ओल्या मातीसारखा वास आला, की जिवाणू ठीक आहेत.

फिल्टर उरलेले बारीक कण धरतो, क्लोरीन रोगजंतू मारतो. मीठ मात्र यातल्या कुठल्याच टप्प्यात जात नाही.

रहिवाशांना कळकळीची विनंती: मोरीत ॲसिड किंवा फिनेलची बाटली ओतू नका, जिवाणू मरतात आणि टाकी पूर्ववत व्हायला कधी कधी आठवडे लागतात. गच्चीचं पावसाचं पाणीही या चेंबरला जोडू नका. जोराच्या सरीत ते गाळ वाहून नेतं. ब्लोअरचा आवाज बंद झाला तर लगेच पंपघरात सांगा, रात्रीही.