तात्यांच्या छातीच्या एक्स-रेविषयी

सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री उशिरा तुम्ही पाठवलेला फोटो मी तेव्हाच पाहिला आणि आज सकाळी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पुन्हा दोनदा नीट पाहिला. फोटोखाली ‘यात काय दिसतंय, डॉक्टर?’ एवढेच लिहिले होते. वीस मिनिटांनी ‘कॅन्सर नाही ना?’ असा दुसरा प्रश्न आला. खरा प्रश्न हा दुसराच आहे हे मला समजते, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. या फोटोवरून मी ‘आहे’ असेही म्हणू शकत नाही आणि ‘नाही’ असेही म्हणू शकत नाही. मात्र तात्यांची तपासणी उद्या, सोमवारी सकाळीच व्हायला हवी, पुढच्या आठवड्यावर ढकलू नये, हे मी खात्रीने सांगू शकतो.

आता फोटोत काय आहे ते सांगतो. हा छातीचा समोरून दिसणारा एक्स-रे आहे. तुम्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोबाईलने फोटो काढलेला दिसतो, कारण मधोमध गजांच्या दोन आडव्या रेषा आल्या आहेत आणि डाव्या फुप्फुसावर बाहेरच्या उजेडाचा झोत पडला आहे. त्या झोताखालचे काहीही मला वाचता येत नाही. वरच्या कोपऱ्यात नाव, वय आणि तारीख असते, तो भाग फोटोत कापला गेला आहे. त्यामुळे ही फिल्म तात्यांचीच आणि आत्ताचीच आहे, हे मी केवळ तुमच्या शब्दावर धरून चाललो आहे. पाकिटातून फिल्म काढून त्यावरचे नाव तुम्ही स्वतः एकदा वाचून घ्या. एकाच दिवशी एकाच आडनावाची दोन माणसे तपासणीला येतात आणि पाकिटे बदलतात, हे आमच्या कामात घडत असते.

मानेच्या थोडे खाली एक लहान, ठळक पांढरा चौकोन दिसतो. त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ आहेत. तो शरीरातला नसून गळ्यातला ताईत किंवा पदक असावे असे वाटते, त्याची काळजी करू नका. पुन्हा एक्स-रे काढायची वेळ आली तर गळ्यातला दोरा आणि बटणाचा शर्ट आधी काढायला सांगा.

काळजीने पाहण्याजोगा भाग वरचा आहे. उजव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली, फुप्फुस जिथे काळे दिसायला हवे तिथे एक करडा-पांढरा पट्टा आहे. त्याच्या आसपास आणि काहीसे डावीकडेही बारीक ठिपके असल्यासारखे वाटतात. ‘असल्यासारखे वाटतात’ हे मी जाणूनबुजून लिहितो आहे. मोबाईलचा कॅमेरा करड्या रंगाच्या छटा आपल्या मनाने उजळतो आणि दाबतो, आणि नेमके या बारीक ठिपक्यांच्या बाबतीत त्याचा भरवसा धरता येत नाही. हृदय थोडे रुंद दिसते, पण तात्यांनी फिल्मच्या वेळी पूर्ण श्वास घेतलेला नाही. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या घुमटावर पाठीमागच्या फासळ्या नऊ-दहा दिसायला हव्यात, इथे सात-आठच मोजता येतात. अर्धवट श्वासात हृदय रुंद आणि फुप्फुसांचा तळ पांढुरका दिसतोच, म्हणून हृदयाबद्दल मी काहीही मत देत नाही. दोन्ही बाजूंचे खालचे टोकदार कोन, जिथे थोडेसे पाणी साठले तरी दिसते, ते फोटोच्या चौकटीबाहेर राहिले आहेत.

या कोनांवर मी इतका जोर देतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका परिचितांनी असाच फोटो पाठवला होता आणि मी घाईत ‘विशेष काही नाही’ असे कळवले होते. फोटोत न आलेल्या कोपऱ्यात पाणी होते. त्या तीन शब्दांवर विसंबून ते बारा दिवस घरी राहिले. पुढे उपचार झाले आणि ते बरे झाले, पण ते बारा दिवस माझ्या शब्दांमुळे गेले हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून फोटोवरून जे दिसते ते सांगायचे, जे दिसत नाही तेही सांगायचे, आणि आजाराचे नाव घ्यायचे नाही, असे मी ठरवले आहे.

वरच्या भागातला असा पट्टा अनेक कारणांनी येऊ शकतो. चालू क्षयरोग, पूर्वी होऊन बरा झालेल्या क्षयाचा व्रण, न्यूमोनिया, गाठ, किंवा वर्षानुवर्षे फुप्फुसात बसलेली वाळूची धूळ, या सगळ्यांच्या सावल्या एकमेकींसारख्या दिसतात. एक्स-रे ही सावलीच असते. हवा काळी, हाड आणि धातू पांढरे, आणि मधले सगळे करडे. करड्यामागे काय आहे हे ठरवायला थुंकी, रक्त, जुनी फिल्म आणि रुग्णाची हकीकत लागते, आणि तात्यांच्या बाबतीत हकीकतीला फार महत्त्व आहे.

तुम्ही लिहिले आहे की ते शिरोलीच्या फौंड्रीत तेवीस वर्षे आहेत आणि त्यांतली बरीच वर्षे फेटलिंगला, म्हणजे ओतकाम घासून साफ करण्याच्या कामाला. डॉक्टरांसमोर बसताना हे वाक्य सर्वांत आधी सांगा, कारण ते विचारले जाईलच असे नाही. साच्याच्या वाळूत सिलिका असते. ओतकाम फोडताना आणि घासताना तिची जी अतिशय बारीक धूळ उडते ती डोळ्यांना दिसत नाही आणि नाकावर बांधलेल्या रुमालाने अडत नाही. ती फुप्फुसात अगदी खोलवर पोचते आणि तिथे गाठी निर्माण करते, आणि त्या बहुधा वरच्या भागातच जास्त दिसतात. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. ज्याच्या फुप्फुसात सिलिका आहे त्याला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच छातीत असू शकतात. तात्यांना यांतले काही आहे असे मी म्हणत नाही. पण जो डॉक्टर तपासेल त्याला फौंड्री माहीत नसेल, तर अर्धी शक्यता त्याच्या मनात येणारच नाही. कोणत्या खात्यात किती वर्षे, मास्क मिळत होता का, पाणी मारून काम व्हायचे का, हे सगळे एका कागदावर लिहून न्या. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. पुढे तसे निदान झालेच, तर ही नोंद तात्यांच्या हक्काच्या दृष्टीनेही उपयोगी पडेल. निदान होण्याआधी मात्र कारखान्यात चर्चा करू नका.

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत छातीचे एक्स-रे काढले असतील, तर त्यांतला मिळेल तितका जुना शोधा. माळ्यावर, ट्रंकेत, कॅलेंडरच्या मागे, जिथे असेल तिथे. हाच पट्टा पाच वर्षांपूर्वीही जसाच्या तसा असेल तर विचार एका दिशेने जातो, आणि नवा असेल तर पूर्ण वेगळ्या दिशेने. माझ्या अनुभवात एका जुन्या फिल्मने जेवढा उलगडा होतो तेवढा नव्या दहा फोटोंनी होत नाही.

उद्या सकाळी लवकर सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाऊन केसपेपर काढा आणि छातीविकार विभागात दाखवा. मूळ फिल्म पाकिटासकट, कागदी अहवाल असेल तर तो, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत ठेवा. दुसरे खात्रीचे छातीतज्ज्ञ ओळखीचे असतील तर तिकडे गेलात तरी चालेल, पण थुंकीची तपासणी टाळू नका. तात्यांचा खोकला महिन्याचा आहे. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्याला ती करायचीच असते. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते आणि सीबीनॅट यंत्रावर काही तासांत क्षयाचे जंतू आहेत का, शिवाय रिफाम्पिसिन हे औषध त्यांना लागू पडेल का, हेही कळते. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, खोल खोकून छातीतून आलेला बेडका द्यायचा असतो. तोंडातली लाळ दिली तर तपासणी वाया जाते. रक्तातली साखरही पाहायला सांगा. सीटी स्कॅन लागेल की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील, स्वतःहून आधी करून घेऊ नका.

तोपर्यंत घरात पडलेले अँटिबायोटिक तात्यांना देऊ नका. विशेषतः लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी क्षयाचे जंतू काही दिवस दबतात, माणसाला बरे वाटते आणि निदान लांबते. मेडिकलमधून आणलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्याही नकोत. अहवाल येईपर्यंत तात्यांनी मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तुमच्या लहान मुलीला त्यांच्या खोलीत झोपवू नये. ताट-वाटी वेगळी काढायची मात्र काही गरज नाही. क्षय असला तरी तो भांड्यांतून पसरत नाही, आणि निदानाआधीच घरातल्या माणसाला वेगळ्या ताटात वाढले तर त्याला किती लागते, ते मी पाहिले आहे.

एका गोष्टीत सोमवारची वाटही पाहू नका. खोकल्यातून रक्त पडले, बसल्या जागी धाप लागली, ओठ निळसर दिसले, छातीत जोराचे दुखू लागले, तात्या गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली राहिला, तर १०८ ला फोन करा किंवा थेट अपघात विभागात न्या. मला फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका.

हा फोटो नात्यातल्या गटांवर फिरवू नका, ही आणखी एक विनंती. प्रत्येक जण काहीतरी नाव देईल आणि तात्यांना ते ऐकावे लागेल. त्यांना काय सांगायचे हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. माझ्या मते जे खरे आहे तेच सांगावे: फिल्मवर वरच्या बाजूला एक डाग दिसतो, तो कशाचा हे अजून ठरलेले नाही, आणि ते ठरवायला आपण सकाळी जाणार आहोत. तेवीस वर्षे भट्टीशेजारी उभे राहिलेल्या माणसाला एवढे ऐकण्याचे बळ असते.

त्यांना घाम येतो का, संध्याकाळी कणकण असते का, वजन उतरले आहे का, बिडी किंवा तंबाखू किती, घरात पूर्वी कोणाला क्षय झाला होता का, हे आज रात्री त्यांच्याजवळ बसून विचारा आणि त्याच कागदावर लिहा. थुंकीचा अहवाल हातात आला की मला फोन करा. कागदावर काय लिहिले आहे ते समजावून सांगायला मी नक्की आहे.

आपला,
पेठेतले डॉक्टरकाका