थकीत देयकासंबंधी तीन स्मरणपत्रे

पहिले पत्र
दिनांक: 9 एप्रिल 2025
प्रति: लेखा विभाग
विषय: देयक क्रमांक 0147 – रक्कम 2,40,000 रुपये – देय दिनांक 2 एप्रिल

सप्रेम नमस्कार,

आपल्या संस्थेच्या प्रशिक्षण पुस्तिकेचे संपादन, मांडणी आणि मुद्रणपूर्व काम आम्ही पूर्ण करून दिले आणि 3 मार्च रोजी त्याचे देयक क्रमांक 0147 आपल्याकडे पाठवले. करारानुसार 30 दिवसांची मुदत 2 एप्रिल रोजी संपली असून, आजपर्यंत ही रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही. आर्थिक वर्षअखेरीच्या धावपळीत ते नजरेआड झाले असावे, असे आम्ही समजतो.

देयकाची प्रत सोबत पुन्हा जोडली आहे. मंजुरीसाठी खरेदी आदेशाची प्रत किंवा अन्य कागद हवा असल्यास कळवावे, त्याच दिवशी पाठवू. आमच्या बँक खात्याच्या तपशिलात काहीही बदल झालेला नाही. तसा निरोप कोणाकडून आल्यास पैसे पाठवण्यापूर्वी आम्हाला फोन करून खात्री करून घ्यावी. रक्कम या दोन-तीन दिवसांत रवाना झाली असेल, तर कृपया व्यवहार क्रमांक कळवावा आणि या पत्राकडे दुर्लक्ष करावे.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, संपादन व मांडणी सेवा

दुसरे पत्र
दिनांक: 28 एप्रिल 2025
प्रति: लेखा विभाग, प्रत: प्रकल्पप्रमुख
विषय: दुसरे स्मरणपत्र – देयक क्रमांक 0147 – पैसे मिळण्याची निश्चित तारीख कळवावी

सप्रेम नमस्कार,

आमच्या 9 एप्रिलच्या पत्राला आपण 11 एप्रिल रोजी उत्तर दिले, त्याबद्दल आभार. देयक मंजुरीच्या टप्प्यावर आहे आणि पुढच्या आठवड्यात रक्कम दिली जाईल, असे त्यात म्हटले होते. तो आठवडा उलटून गेला. रक्कम आली नाही आणि विलंबाचे कारणही कळले नाही.

काम समाधानकारक असल्याचे आपल्या प्रकल्पप्रमुखांनी 28 फेब्रुवारी रोजी लेखी कळवले आहे, म्हणूनच या पत्राची प्रत त्यांनाही पाठवत आहोत. देयकातील एखाद्या बाबीवर हरकत असेल, तर ती 2 मेपर्यंत लेखी कळवावी, म्हणजे तेवढ्या बाबीची पडताळणी करता येईल आणि उर्वरित रक्कम अडकून राहणार नाही. हरकत नसेल, तर 5 मेपर्यंत पूर्ण रक्कम जमा करावी. प्रक्रिया सुरू आहे एवढ्याच उत्तरावर आम्हाला आमच्या मुद्रितशोधकांचे आणि मांडणीकारांचे पैसे देता येत नाहीत, हे आपणही जाणता.

कराराच्या कलम 7 नुसार थकीत रकमेवर दरमहा दीड टक्का व्याज आकारण्याचा आम्हाला अधिकार आहे. रक्कम 5 मेपर्यंत मिळाल्यास तो वापरण्याचा आमचा विचार नाही.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, संपादन व मांडणी सेवा

तिसरे पत्र
दिनांक: 19 मे 2025
प्रति: संचालक, प्रत: लेखा विभाग, प्रकल्पप्रमुख
विषय: अंतिम स्मरणपत्र – देयक क्रमांक 0147 – 26 मेपर्यंत भरणा आवश्यक

माननीय संचालक,

सप्रेम नमस्कार. हा विषय आपल्यापर्यंत आणावा लागू नये अशी आमची इच्छा होती. परंतु देयकाची मुदत संपून 47 दिवस झाले आहेत, दुसऱ्या पत्राला उत्तर मिळालेले नाही, 6 मे आणि 13 मे रोजी केलेल्या दूरध्वनींनंतरही निश्चित तारीख सांगितली गेली नाही आणि देयकावर एकही हरकत नोंदवली गेलेली नाही. त्यामुळे ही रक्कम निर्विवाद देय आहे, असे आम्ही धरून चालतो.

कलम 7 प्रमाणे 3 एप्रिलपासून व्याज आकारले आहे. दरमहा दीड टक्का म्हणजे, महिना 30 दिवसांचा धरून, प्रतिदिन 120 रुपये. आजअखेर हे व्याज 5,640 रुपये होते आणि मुद्दलासह येणे 2,45,640 रुपये. भरणा 26 मे रोजी झाल्यास एकूण रक्कम 2,46,480 रुपये असेल. सविस्तर हिशेब, करार, देयक, काम स्वीकारल्याचे पत्र आणि आजवरचा पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.

पुस्तिकेच्या पुरवणीचे काम आम्ही आजपासून थांबवत आहोत. कलम 9 नुसार मूळ मांडणीच्या फायलींवरील हक्क पूर्ण भरणा झाल्यावरच आपल्याकडे येतो, त्यामुळे तोपर्यंत पुस्तिकेचे पुनर्मुद्रण करू नये, ही विनंती.

एकरकमी भरणा शक्य नसेल, तर निम्मी रक्कम 26 मेपर्यंत आणि उरलेली, तोवरच्या व्याजासह, 16 जूनपर्यंत स्वीकारण्यास आम्ही तयार आहोत. मात्र आपल्या स्वाक्षरीचे तसे लेखी आश्वासन 22 मेपर्यंत मिळायला हवे. यांपैकी काहीच न झाल्यास 27 मे रोजी सर्व कागदपत्रे आमच्या वकिलांकडे सोपवली जातील, वसुलीची कायदेशीर नोटीस त्यांच्यामार्फत येईल आणि कायदेशीर खर्चाचीही मागणी केली जाईल. यापुढे आमच्याकडून वेगळे स्मरणपत्र येणार नाही.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, संपादन व मांडणी सेवा