छळ प्रतिबंध धोरण : हॉटेलातील सर्व कर्मचाऱ्यांसाठी

पाहुणा देवासमान, पण बिल देताना हात धरून ठेवणारा पाहुणा नव्हे. असं घडल्यास टेबल तिथेच सोडा, कॅप्टनला सांगा; पुढची सर्व्हिस तो बघेल, गरज पडल्यास पाहुण्याला बाहेर काढेल. बुडालेली टिप हॉटेल देईल. रात्री १० नंतर रूम सर्व्हिसला दोघं जातील.

तक्रार अंतर्गत समितीच्या अध्यक्षांकडे तीन महिन्यांत लेखी द्या. लिहिता येत नसेल तर समिती लिहून घेईल. मॅनेजरला विचारायची गरज नाही, तक्रार त्याच्याविरुद्धही असू शकते.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी ९० दिवसांत पूर्ण होईल. दोन्ही बाजू ऐकल्या जातील, नावं गुप्त राहतील. सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी काढून ठेवू. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. पुरुष कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही हॉटेल याच पद्धतीने हाताळेल.