डॉक्टरांना पत्र : मी रोज घेतो ती सगळी चूर्णं, काढे आणि चहा

सांगली, रविवार, १८ ऑगस्ट २०२४

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सा. न. वि. वि.

मी वसंतराव, खणभागातला, मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवर दिवाणजी होतो तो. वय ७१. गेली अकरा वर्षं मधुमेहासाठी तुमच्याकडेच येतो. शुक्रवारी तुमच्या कंपाउंडरना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, आपल्या गोळ्या सोडून दुसरं काही घेता का?" मी "नाही" म्हणालो. ते खोटं होतं. तुम्हीही दर वेळी हेच विचारत आलात आणि मी दर वेळी मान हलवत आलो. आज सगळं लिहून धाकट्या मुलाबरोबर पाठवतो आहे. कृपा करून हा कागद माझ्या केसपेपरला जोडावा.

आधी काय झालं ते सांगतो. सोमवारी, १२ तारखेला, श्रावणी सोमवार म्हणून उपवास होता. गोळ्या मात्र नेहमीप्रमाणे घेतल्या, ग्लिमेपिराइड २ची सुद्धा. वर रोजची चूर्णंही घेतली, कारण ती औषधं, त्यांनी उपवास मोडत नाही असं मी धरलं. मग हरिपूरला संगमेश्वराला चालत निघालो. साडेअकराच्या सुमाराला देवळाजवळ पोचलो आणि चप्पल काढता येईना. हात थरथरत होते, सदरा घामानं पाठीला चिकटला होता, आणि समोर उभा असलेला ओळखीचा गुरव मला कोण ते आठवेना. त्यानंच ओट्यावर बसवलं आणि एका रसवाल्याकडून उसाचा रस आणून पाजला. अर्ध्या तासानं रिक्षानं घरी आलो, तेव्हा मशीनवर साखर ६४ दिसली. रस पिऊनही ६४. शुक्रवारी पहाटे तीनला पुन्हा तसंच झालं. बायकोनं उठवलं तर मी काहीतरी असंबद्ध बोलत होतो म्हणे. तेव्हा ५७ होती. मार्चमध्ये उपाशीपोटी १६८ आणि तीन महिन्यांची सरासरी ८.४ आली, म्हणून तुम्ही १ची गोळी २ची केलीत. तुम्ही ती वाढवलीत ते मी फक्त तुमच्याच गोळ्यांवर आहे असं समजून. चूक माझी आहे.

आता सकाळपासूनचा क्रम लिहितो. वजनं अंदाजानं लिहिलेली नाहीत. दुकानातला छोटा काटा अजून घरी आहे, काल सगळं त्यावर तोलून घेतलं.

पहाटे पाच वाजता बिबळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पितो. पाणी तांबूस-पिवळं होतं आणि जरा तुरट लागतं. पेला चार वर्षं जुना आहे, रंग आता फिका येतो. त्याच पाण्यात मेथ्या भिजवलेल्या असतात, १० ग्रॅम, त्या चावून खातो. त्यानंतर एका कारल्याचा कच्चा रस, अर्धी वाटी. तो गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून सुरू आहे, रोज.

सहाला गुळवेलीचा काढा घेतो. कोरोनाच्या वर्षापासून, म्हणजे २०२० पासून, एक दिवस चुकलेला नाही. आमच्या शेतातल्या कडुलिंबावर चढलेली वेल आहे, तिचं बोटभर खोड ठेचून दोन कप पाण्यात उकळून एक कप करतो. वेल माझ्या ओळखीची आहे, तिच्याबद्दल मला शंका नव्हती. पण गुळवेलीनं काहींच्या यकृताला त्रास झाल्याचं मध्यंतरी पेपरात आलं होतं आणि ते बरोबर नाही असंही काहींनी म्हटलं होतं. मी तो पेपर घडी करून ठेवला आणि काढा पीतच राहिलो. माझ्या यकृताची तपासणी शेवटची कधी झाली ते मला सांगता येत नाही. ती करावी का?

नाश्त्याआधी जांभळाच्या बियांची पूड, ४ ग्रॅम. बिया घरच्याच, जूनमध्ये वाळवून जात्यावर दळलेल्या. त्यात अर्धा चमचा बेडकीच्या पाल्याचं चूर्ण, म्हणजे गुडमार, तोलल्यावर दीड ग्रॅम भरलं. ते एप्रिलपासून काष्ठौषधीच्या दुकानातून आणतो. त्याचा ओला पाला मी एकदा चावून पाहिला होता. त्यावर लगेच गुळाचा खडा तोंडात टाकला तर वाळू चघळतोय असं वाटलं, गोडी अजिबात लागली नाही. जे जिभेवर इतकं काम करतं ते पोटातही करत असणार हे तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि हे सगळं मी तुमच्या २च्या गोळीबरोबर, एकाच घोटाला घेतो.

सकाळचा चहा गवती चहा, आलं आणि तुळशीचा. साखर अकरा वर्षांपूर्वीच बंद केली, पण गूळ घालतो, कपाला एक चमचा, दिवसातून तीन कप. तुम्हाला "बिनसाखरेचा चहा" म्हणून सांगत आलो ते अर्धवट होतं.

हळदीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो माझ्या आयुष्याचा माल आहे. रोज एक चमचा, ५ ग्रॅम, कोमट पाण्यात, वर चिमूटभर मिरपूड. हळकुंडं मी स्वतः निवडून आणतो आणि समोर दळून घेतो, त्यामुळे भेसळीची शंका नाही. चाळीस वर्षं वक्कल फोडताना हळकुंड मोडून आतला रंग पाहत आलो. हळद मला सोडवणार नाही असं मनात होतं. पण मिरजेत नर्स असलेली पुतणी म्हणाली की ॲस्पिरिन ७५ चालू असताना एवढी हळद रोज घेणं डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण दोन्ही रक्त पातळ करण्याकडे जातात. दाढी करताना कापलं तर हल्ली रक्त लवकर थांबत नाही, हे खरं आहे. भाजीतली हळद राहू दे, चमच्याची सोडायची तर सोडतो. तुम्ही सांगाल तसं.

दुपारी चारला दालचिनीचा चहा, एक कांडी उकळून, आणि त्यात ज्येष्ठमधाचा तुकडा. ज्येष्ठमध घसा बसतो म्हणून फेब्रुवारीत सुरू केलं आणि गोड लागतं म्हणून चालू ठेवलं. पुतणी याच्यावरच सगळ्यात जास्त रागावली. रोज ज्येष्ठमध घेतलं तर अंगात पाणी धरतं, रक्तदाब चढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं, असं ती म्हणाली. डॉक्टरसाहेब, मे महिन्यात तुम्ही रक्तदाब मोजलात तो १५२/९४ होता. टेल्मिसार्टन ४० घेत असूनही का वाढला म्हणून तुम्ही बराच वेळ विचार करत बसलात, मीठ विचारलंत, झोप विचारलीत. संध्याकाळी घोट्यावर मोज्यांचे वळ उठतात तेही तेव्हापासूनच. ज्येष्ठमध काल बंद केलं.

जेवणात शेवग्याच्या पाल्याची पूड ज्वारीच्या पिठात मिसळलेली असते, दोन भाकरींत मिळून चमचाभर. झोपताना त्रिफळा एक चमचा. या दोन्हींचा त्रास मला जाणवलेला नाही.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून जुलैत सदाफुलीची पाच फुलं उकळून ते पाणी पंधरा दिवस प्यालो. त्या झाडापासून कॅन्सरची औषधं काढतात हे कळल्यावर थांबवलं. आता घेत नाही, पण घेतलं होतं म्हणून लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी आलं, कारण ते लिहायला हात धजत नव्हता. जूनच्या शेवटी आठवडी बाजारात एक माणूस भेटला. तो "मधुमेह चूर्ण" विकत होता, महिन्याचे ६०० रुपये. पुडीवर नाव नाही, पत्ता नाही, काय काय घातलंय ते नाही. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा, ३ ग्रॅम. आठ दिवसांत माझी उपाशीपोटी साखर १७०वरून ११२वर आली. मेथ्या, कारलं, जांभूळ इतके महिने घेऊन जेवढा फरक पडला नव्हता तेवढा आठ दिवसांत पडला. तो म्हणाला, इंग्रजी गोळ्या सोडा. त्या मी सोडल्या नाहीत, एवढंच बरं केलं. दुसऱ्या महिन्याची पुडी तीन ऑगस्टला आणली.

काल तोलताना ती पहिल्यांदा नीट पाहिली. पांढऱ्या कागदावर पसरली आणि उन्हात धरली. हिरवट-तपकिरी पुडीत बारीक पांढरे कण चमकत होते, पाल्याच्या किंवा सालीच्या चुऱ्यात असे कण नसतात. चव कडू असली तरी ती पाल्याची कडू नव्हती, गोळी जिभेवर विरघळली की लागते तशी होती. हळदीत मेटॅनिल यलो मिसळलेला माल मी नजरेनं ओळखून परत पाठवलेला माणूस आहे. त्या नजरेनं मी ही पुडी जूनमध्येच पाहायला हवी होती. अशा चूर्णांत साखरेच्या गोळ्या कुटून घालतात असं ऐकून होतो. तसं असेल तर तुमची गोळी आणि ही, दोन्ही मिळून मी दुप्पट डोस घेत होतो. काल सकाळपासून पुडी बंद आहे. आज उपाशीपोटी १३१ होती.

लपवलं का, हेही सांगतो. माझे थोरले भाऊ असेच काढे घ्यायचे. त्यांच्या डॉक्टरांनी एकदा त्यांची पिशवी सगळ्या पेशंटसमोर टेबलावर उलटी केली आणि फार बोलले. भाऊ पुन्हा कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाहीत. दोन वर्षांनी पायाची जखम चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. तुम्ही तसे नाही, मला माहीत आहे. तुम्ही माझे पाय दर वेळी स्वतः वाकून तपासता. तरी तोंड उघडायला धीर झाला नाही.

उद्या पुन्हा श्रावणी सोमवार आहे. उपवास करणार नाही, घरात तसं सांगून टाकलं आहे. मला आज रात्रीपर्यंत कळायला हवं ते एवढंच, की उद्या सकाळी ग्लिमेपिराइड २ची घ्यायची, १ची घ्यायची की थांबवायची. मेटफॉर्मिन ५०० दोन्ही वेळा चालू ठेवतो आहे. बाकी मेथ्या, कारलं, जांभूळ, गुडमार, काढा यांतलं तुमचा निरोप येईपर्यंत काहीही घेणार नाही. पुढे यातलं एखादं ठेवता आलं तर मेथ्या ठेवाव्यात अशी इच्छा आहे. आईनं लावलेली सवय आहे. पण ती ठेवून गोळी किती घ्यायची ते तुम्ही ठरवा.

कारल्याचा रस आणि भाकरीचं पीठ बायको माझ्या हट्टापायी करते, तिला काही म्हणू नये.

मुलगा उत्तर घेऊनच परत येईल, त्याला बाहेर थांबवलं तरी चालेल. गुरुवारी मी स्वतः येतो. साखरेची वही आणि सगळ्या पूडींचे नमुने कापडी पिशवीत आणतो, प्रत्येक नमुन्यावर नाव आणि वजन लिहिलं आहे. बाजारातलं चूर्ण मात्र आजच मुलाबरोबर पाठवलं आहे. तपासून घेता आलं तर घ्यावं, खर्च मी देईन. त्या पुडीला लाल दोरा बांधला आहे.

आपला,
वसंतराव