स्वतःच्या विवाहासाठी रजेचा अर्ज

दिनांक : 1 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक, लेखा विभाग,
भोसरी, पुणे

विषय : 26 नोव्हेंबर ते 12 डिसेंबर 2025 या काळातील अर्जित रजा मंजूर होण्याबाबत

महोदय,

माझा विवाह रविवार, 30 नोव्हेंबर रोजी पुण्यात ठरला आहे. त्यासाठी बुधवार, 26 नोव्हेंबरपासून शुक्रवार, 12 डिसेंबरपर्यंत रजा हवी आहे. शनिवार-रविवार वगळता हे 13 दिवस होतात. माझ्या खात्यावर 17 अर्जित रजा शिल्लक आहेत, त्यामुळे बिनपगारी रजेचा प्रश्न येत नाही. सोमवार, 15 डिसेंबरला मी कामावर रुजू होईन.

28 तारखेला ग्रहमख आणि हळद, 29 ला सीमांतपूजन आहे. लग्नानंतर 2 डिसेंबरला सासवडला सत्यनारायण, 3 ला जेजुरीला दर्शन. 5 ला पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेसने केरळला जाऊन 12 ला परत येऊ. या गाडीचे आरक्षण 60 दिवस आधी, म्हणजे 6 ऑक्टोबरला सुरू होते आणि लवकर भरते. म्हणून 30 सप्टेंबरपर्यंत निर्णय कळावा, ही विनंती.

या रजेत महिन्यातल्या दोन महत्त्वाच्या तारखा येतात, याची मला कल्पना आहे. नोव्हेंबरच्या टीडीएसची 7 डिसेंबर ही मुदत रविवारी येते, म्हणून ऋतुजा चलन शुक्रवारी, 5 तारखेलाच भरेल. जीएसटीआर-1 ची मुदत 11 डिसेंबर आहे. 25 नोव्हेंबरपर्यंतची विक्री बिले मी जुळवून ठेवीन, उरलेल्या पाच दिवसांची बिले तिने घ्यायची. 3बी 20 तारखेला असल्याने ते मी आल्यावर करीन. आगाऊ कराचा हप्ता मात्र 15 ला, मी रुजू होते त्याच दिवशी आहे. त्याचा हिशेब जाण्यापूर्वीच आपल्याकडे देईन.

खरी अडचण ओटीपीची आहे. ई-वे बिलाच्या लॉगिनचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येतो. मुन्नारच्या डोंगरात रेंज गेली तर माल भरलेला ट्रक गेटवर उभा राहील. त्यामुळे ऋतुजाच्या क्रमांकावर उप-वापरकर्ता तयार करून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून तिच्याकडूनच बिले काढून घेईन. बँकेत पेमेंट टाकण्याचा अधिकारही तिला लागेल. त्याच्या अर्जावर संचालकांची सही लागते, तेवढी ऑक्टोबरमध्ये मिळावी. माझा पासवर्ड तिला देऊन काम भागेल, पण ते बरोबर नाही.

दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी रजा घेणार नाही. विवाह नोंदणी 90 दिवसांत करायची असल्याने जानेवारीत अर्ध्या दिवसाची सवलत लागेल, त्याचा अर्ज वेगळा देईन. लग्नानंतर नाव बदलणार नाही, त्यामुळे पॅन, पीएफ आणि पगाराच्या खात्यात काही बदल नाही.

पत्रिका छापून आल्यावर आमंत्रण द्यायला येईनच.

आपली विश्वासू,
वैष्णवी पाटील
लेखा सहायक

प्रत : मनुष्यबळ विभाग