जुन्या वाड्याची वर्षभराची देखभाल: वाईतल्या वाडेमालकांसाठी

हे पान स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. शेजारी खिळ्याला एक वही आणि शिसपेन्सिल टांगा.

आपलं वर्ष इथे जानेवारीत सुरू होत नाही, हस्त नक्षत्र सरलं की सुरू होतं. कौलं शाकारायची आठवण सगळ्यांना मे महिन्यात होते. तोवर गळतीचे डाग वाळून फिके पडलेले असतात, कारागीर चार ठिकाणी अडकलेले असतात. मग दिसायला वाईट असलेली कौलं बदलली जातात आणि गळणारी तशीच राहतात. आमच्या वाड्यात सात वर्षं असंच चाललं. माजघरावरचा एक वासा दर पावसाळ्यात भिजायचा आणि आम्ही बरोबर त्याच्या डोक्यावरची कौलं बदलायचो. पाणी शिरत होतं तीन हात वर, आढ्याजवळच्या चिरलेल्या कौलातून, आणि वाशाच्या अंगावरून घसरत खाली येत होतं. हे कळलं ते ऑक्टोबरात, लाकूड अजून ओलं असताना. तोवर भिंतीत शिरलेलं वाशाचं टोक बोटांनी कुस्करता येत होतं.

ऑक्टोबर, पाऊस थांबल्यावर पहिले आठ दिवस: छप्पर

भर दुपारी पोटमाळ्यावर जा. दिवे मालवा, खिडक्या लावा आणि डोळे सरावेपर्यंत थांबा. कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका गळका नसतो, मंगळुरी कौलांच्या खाचांतून थोडा उजेड येतोच. ठिपक्याखाली रिपेवर किंवा वाशावर काळसर ओघळ असेल तर तो खरा. ओघळ बॅटरीने वरच्या बाजूला शोधत जा, पाणी शिरलेली जागा वरच असते. वहीत लिहा: पूर्वेचं पाखं, उत्तरेच्या भिंतीपासून सातवा वासा, आढ्यापासून चौथी ओळ. मार्च-एप्रिलात शाकारणीच्या वेळी कारागिराला नेमकं हेच वाचून दाखवायचं आहे.

मग पेचकस घ्या आणि वाशांची, तुळयांची भिंतीत गेलेली टोकं टोचून पाहा. चांगलं सागवान पेचकसाचं टोक आत घेत नाही. मऊ लागलं तर सुताराला बोलवा, तोपर्यंत खाली टेकू द्या. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर नुसत्या झाडून टाकू नका, त्या जमिनीपासून कुठून चढल्या ते शोधा.

भिंतीवरच्या ओलीभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख घाला. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर तडा अजून हलतो आहे. नुसता गिलावा करून तो झाकू नका, जाणकार अभियंत्याला दाखवा.

कौलांवर स्वतः चढू नका. शेवाळ वाळलेलं दिसलं तरी पाय सरकतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: दरजा

जोत्याचा काळा दगड आणि वरच्या भाजक्या विटा यांच्यामधल्या दरजा याच दिवसांत भरायच्या. उन्हाळ्यात चुना फार लवकर वाळतो आणि भुगा होतो, पावसात धुऊन जातो.

सिमेंट वापरू नका. हे मी हात जोडून सांगतो आहे. जुनी भिंत ओल शोषते आणि दरजांतून सोडते. दरज सिमेंटने बंद केली की तीच ओल विटेतून वाट काढते, लोणा लागतो, विटेचा पुढचा पापुद्रा सुटतो. दहा वर्षांनी सिमेंटची जाळी शाबूत उभी असते आणि मधली वीट खोल गेलेली असते. तुमच्याच आळीत फिरून पाहा, दिसेल.

कृती अशी. सैल झालेला चुना हाताने, पातळ पटाशीने, दरजेच्या रुंदीच्या दुपटीइतका खोल काढायचा. यंत्राची चकती नको, ती विटेच्या कडा खाते. धूळ झाडायची, पाणी मारून जागा ओलसर करायची. मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू साधारण तीन भाग. वाळूतला थोडा वाटा सुरखीचा असला तर उत्तम. दाबून भरायचं आणि विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायचं. वर ओलं गोणपाट टांगून निदान आठवडाभर ते वाळू द्यायचं नाही. गवंडी म्हणेल, "एवढं कोण करतं?" त्याच्या शेजारी उभे राहा.

मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा. तिथे चुन्याच्या दरजांचा प्रश्न नाही.

मार्च, एप्रिल: शाकारणी

वहीत नोंदलेल्या जागा आधी, मग बाकीच्या. काढलेली धड कौलं फेकू नका, मापाची जुनी कौलं पुढे मिळत नाहीत. पन्नासेक परसात उभी रचून ठेवा. रिपा बदलताना अंतर जुन्या रिपांवरूनच घ्या, नाहीतर कौलाची खाच बसत नाही.

मे अखेर, रोहिणी: पन्हळी

हाताने गाळ काढा, खराट्याने नाही. खराटा कचरा पाइपाच्या तोंडात ढकलतो. मग वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि बघत राहा. कुठे साचलं, कुठल्या सांध्यातून ठिबकलं, ते लगेच कळतं. दहा फुटांना इंचभर उतार पुरतो. दोन पाखी मिळतात त्या कोनातली पन्हळ सगळ्यात आधी तपासा. तिथे दोन्हीकडचं पाणी येतं आणि पत्रा तिथेच गंजतो. पाइपाच्या तोंडावर जाळी बसवा. पाइपाचं खालचं टोक जोत्यापासून दूर, चरात सोडा.

मृग ते हस्त: पावसातल्या फेऱ्या

पसरणीवरून ढग उतरून मोठी सर लागली की छत्री घ्या आणि वाड्याला एक प्रदक्षिणा घाला. वर्षभरात एकच काम जमणार असेल तर हे करा. पन्हळ भरून कुठे सांडते, पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीवर किती हात चढतं, चौकातलं पाणी मोरीत जातं की ओसरीकडे वळतं, हे दुसऱ्या कुठल्याही दिवशी दिसणार नाही. जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावरही डोकावा.

छपरावर निळी ताडपत्री टाकावी लागलीच, तर उघडीप मिळेल तेव्हा काढा. चार महिने ठेवली तर खालच्या वाशांना वारा मिळत नाही आणि लाकूड आतल्या आत कुजतं.

पुष्य-आश्लेषात, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धापासून, भिंतीवरची रोपं पाहा. पिंपळ, वड, उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडतं, दरजेत रुजतं. चार पानं असताना रोप चिमटीत धरून मुळासकट निघतं, कारण चुना ओला असतो. रिकाम्या दरजेवर खडूने फुली मारा, हिवाळ्यात ती भरायची आहे. दर पंधरा दिवसांनी एक फेरी; छज्जाचा वरचा भाग, पन्हळीमागची भिंत आणि पाइपाच्या मागची जागा विसरू नका.

मुळी अंगठ्याएवढी झाली असेल तर ओढू नका. तिच्याबरोबर दगड येईल. फांद्या छाटून भार कमी करा आणि नोव्हेंबरात गवंड्याकरवी दरज उकलून मूळ तुकड्या-तुकड्यांनी काढा, तिथल्या तिथे पोकळी भरून घ्या. मीठ आणि आम्ल ओतू नका, मुळाआधी भिंत खराब होते. मुळीत हिंग भरून मी दोनदा पाहिलं; दोन्ही वेळा पिंपळ पुन्हा फुटला.

गौरी-गणपतीला रंग काढण्याआधी भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा पाहा. ओल रेघेबाहेर गेली असेल तर तिथे रंग लावू नका, ऑक्टोबरपर्यंत ती भिंत उघडी राहू द्या.