नवजात बाळाचा रक्त तपासणी अहवाल, परभणी

मुलगी, वय 72 तास, पूर्ण दिवसांची (38 आठवडे), वजन 2.7 किलो. टाचेतून घेतलेलं रक्त. उजेडाने बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारा पिवळा घटक, कमी दिसतं म्हणून नळी काळ्या कागदात गुंडाळून आणली.

एकूण बिलिरुबिन: 11.8 मिग्रॅ/डेसीलि
डायरेक्ट: 0.5
इनडायरेक्ट: 11.3
हिमोग्लोबिन: 17.4 ग्रॅम/डेसीलि
पांढऱ्या पेशी: 14,200
रक्तगट: आई ओ पॉझिटिव्ह, बाळ ओ पॉझिटिव्ह
डायरेक्ट कूम्ब्स: निगेटिव्ह

शेरा: मशीनने छापलेली 'H' खूण मोठ्या माणसांच्या मर्यादेवरून आली आहे (एकूण बिलिरुबिन साधारण 1.2 पर्यंत). ती या बाळाला लागू नाही. नवजात बाळाच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, यकृत अजून कच्चं असतं. म्हणून आकडा जन्मापासूनच्या तासांवर जोखायचा. 72 तासांना 11.8 हा आकडा फोटोथेरपी, म्हणजे निळ्या उजेडाखाली ठेवण्याचा उपचार, सुरू करण्याच्या रेषेच्या बराच खाली आहे. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशीही वयाला साजेशाच.

उद्या पुन्हा तपासणी. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पाजावं. कोवळ्या उन्हावर विसंबू नये, काविळीचं गावठी औषध तर मुळीच देऊ नये. तळपाय पिवळे झाले, शी पांढुरकी झाली किंवा बाळ दूध सोडून सुस्त पडलं, तर उद्याची वाट न बघता लगेच आणावं, रात्र असली तरी.